धागा: ऑफिसात चांगली लागणारी ड्रिप मशीनची कॉफी घरी पाणचट का होते?

साखरपेठकर

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी ज्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात काम करते, तिथे गेली काही वर्षे एक ड्रिप कॉफी मशीन होते. पाण्याची टाकी भरायची, जाळीच्या बास्केटमध्ये पूड घालायची, बटण दाबायचे आणि काचेचा जग भरेपर्यंत थांबायचे, इतके ते साधे आहे. कार्यालयाने नवे मोठे यंत्र घेतल्यावर हे जुने मशीन मी थोडक्या पैशांत घरी आणले. आम्ही घरी दोघेच कॉफी पिणारे, मी आणि माझे सासरे, आणि आम्हा दोघांनाही दूध न घालता कॉफी आवडते.

अडचण अशी आहे की तेच मशीन, त्याच दुकानातून दळून आणलेली तीच पूड आणि तेच प्रमाण असूनही घरची कॉफी रंगाने चहासारखी आणि चवीने गरम पाण्यासारखी लागते. कार्यालयात आठ-दहा जणांसाठी पूर्ण जग करत असू, तेव्हा अशी तक्रार कधीच नव्हती. मशीन हलवताना काही बिघडले असेल का, की आमच्या घरच्या बोअरच्या पाण्याचा हा परिणाम आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

होटगी रोड

ताई, माझ्या अनुभवाप्रमाणे पाणचट कॉफीची कारणे दोनच असतात. एक तर पूड कमी पडते, नाहीतर ती फार जाड दळलेली असते. तुम्ही पूड दीडपट करा आणि दुकानदाराला बारीक दळून द्यायला सांगा. तिसरी शंका व्होल्टेजची आहे. उन्हाळ्यात आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की पंख्याची गती डोळ्यांना कमी झालेली दिसते. तुमच्याकडेही तसे होत असेल तर मशीनमधले पाणी पुरेसे तापत नसणार, हे उघड आहे. एक स्टॅबिलायझर लावून पाहावा.

पितळी फिल्टर

आमच्या पूर्व भागात घरोघरी दोन मजली फिल्टर असतो, त्यामुळे मला यातले थोडे कळते. डिकॉक्शन पातळ येत असेल तर वरच्या भांड्यातली पूड चकतीने हलकेच दाबावी, उकळते पाणी एकदम न ओतता आधी दोन चमचे घालून पूड फुगू द्यावी आणि मग उरलेले पाणी ओतून झाकण ठेवावे. चिकोरीमिश्रित पूड घेतली तर रंगही दाट येतो. दूध म्हशीचे असावे, म्हणजे कॉफीला अंग येते.

साखरपेठकर

पितळी फिल्टर, आभारी आहे, परंतु माझा प्रश्न विजेवर चालणाऱ्या मशीनचा आहे आणि आम्ही दूध घालत नाही. त्यात पूड दाबायला चकती नसते आणि पाणी मशीन स्वतःच वरून सोडते.

दुरुस्तीची खोली

मी सोलापुरात घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करतो आणि अशी मशीने महिन्यातून दोन-तीन तरी माझ्या टेबलावर येतात. त्यांतली निम्मी बिघडलेलीच नसतात, म्हणून काहीही उघडण्याआधी मी काही गोष्टी विचारतो. तुम्ही एका वेळी नेमके किती मिली पाणी घालता आणि किती ग्रॅम पूड? चमच्यांत सांगू नका, कारण चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो. बास्केटचा तळ सपाट आहे की निमुळता, आणि सपाट असल्यास त्याचा व्यास किती? टाकीवरच्या खुणा कोणत्या आकड्यापासून सुरू होतात? बटण दाबल्यापासून शेवटची धार पडेपर्यंत किती वेळ लागतो?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॉफी झाल्यावर झाकण उघडून चोथ्याकडे पाहा. बास्केट हलवू नका, आपटू नका. तो सपाट आणि सगळीकडे सारखाच काळपट ओला दिसतो, की मध्ये खड्डा पडून कडेची पूड फिकट राहते, ते नीट पाहून इथे लिहा. निदान करताना मला कॉफीच्या चवीपेक्षा चोथा अधिक उपयोगी पडतो.

साखरपेठकर

आज सकाळी सर्व मोजून घेतले. पाणी ३०० मिली आणि पूड १५ ग्रॅम. बास्केटचा तळ सपाट असून व्यास ८ सेंटिमीटर भरला. टाकीवर ४, ६, ८, १० आणि १२ अशा खुणा आहेत. आम्ही ४ च्या बऱ्याच खालपर्यंतच पाणी घालतो, म्हणून खुणांकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. बटण दाबल्यापासून शेवटच्या धारेपर्यंत सुमारे २ मिनिटे लागली. कार्यालयात १२ च्या खुणेपर्यंत पाणी आणि ७५ ग्रॅम पूड घालत असू, आणि तेव्हा ८-९ मिनिटे लागत.

चोथ्याचे वर्णन आपण केले तसेच निघाले. मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा होता, त्यातून तळाची जाळी दिसत होती, आणि भिंतीलगतची पूड एका बाजूला चक्क कोरडी होती. बोटाने चाचपून पाहिली.

दुरुस्तीची खोली

ताई, इतके नीट मोजून लिहिल्याबद्दल आभार. आता पूड कमी पडते या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तुमच्याच आकड्यांनी ती बाजूला पडते. अशा मशीनवरचा ‘कप’ साधारण १२५ मिलीचा असतो, म्हणजे १२ ची खूण म्हणजे दीड लिटर. दीड लिटरला ७५ ग्रॅम म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. घरी ३०० मिलीला १५ ग्रॅम म्हणजे तेही लिटरला ५० च. ड्रिप कॉफीसाठी लिटरला ५० ते ६० ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे, त्यामुळे तुम्ही खालच्या टोकाला आहात, पण मर्यादेतच आहात. प्रमाण तेच राहून कॉफी बिघडली, याचा अर्थ पाणी पुडीतून जाताना जे घडायला हवे ते आता घडत नाही.

ते का घडत नाही, हे थराच्या जाडीत दिसते. दळलेली पूड हलकी असते, १५ ग्रॅम पूड अंदाजे ४० मिली जागा व्यापते. ८ सेंटिमीटर व्यासाच्या तळावर ती पसरली की थर जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा होतो. कार्यालयातल्या ७५ ग्रॅमचा थर चार सेंटिमीटरच्या आसपास होता. चार सेंटिमीटर जाडीतून उतरताना पाण्याला वेळ लागतो आणि ते वाटेत कॉफी घेत जाते. पाऊण सेंटिमीटरच्या थराला वरून पडणारी धार सहज भोक पाडते आणि मग उरलेले सगळे पाणी त्याच भोकातून खाली जाते. तुमच्या खड्ड्यात जाळी दिसली ती त्यामुळे. कडेची कोरडी पूड तर कॉफीत आलीच नाही, म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही १५ ग्रॅमची नव्हे, कदाचित दहा-अकरा ग्रॅमचीच कॉफी पीत आहात. हे मशीन बारा कपांच्या बास्केटचे आहे आणि तुम्ही त्यात अडीच कप करत आहात.

दुसरी गोष्ट तापमानाची. या मशीनमध्ये टाकीतले पाणी आधी पूर्ण उकळत नाही. तळाशी असलेल्या हीटरच्या ॲल्युमिनियमच्या नळीत थोडे थोडे पाणी शिरते, तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि ते बुडबुडे गरम पाणी नळीतून वर ढकलतात. पहिले काही घोट थंड नळी, थंड शॉवरहेड, थंड बास्केट आणि थंड पूड यांनाच तापवण्यात जातात. दीड लिटरमध्ये हा तोटा जाणवत नाही, कारण नंतर भरपूर गरम पाणी येत राहते. ३०० मिलीमध्ये मात्र सगळे तापेपर्यंत पाणीच संपते. कॉफी नीट उतरायला पूड ९० ते ९६ अंशांच्या पाण्यात चार ते आठ मिनिटे भिजायला हवी, आणि तुमच्याकडे एकूण वेळच दोन मिनिटांचा आहे.

टाकीवरच्या खुणा ४ पासून सुरू होतात, यामागेही काही अर्थ आहे. ४ म्हणजे ५०० मिली, आणि त्याच्या खाली बनवणाऱ्याने खूणच दिलेली नाही. अनेक पुस्तिकांत ‘किमान इतके कप’ असे स्पष्ट लिहिलेलेही असते, पण पुस्तिका हरवते आणि टाकी समोर राहते. काही मशीनवर १ ते ४ कपांसाठी वेगळे बटण असते. ते दाबले की मशीन पाणी थांबून थांबून सोडते आणि थोड्या पुडीलाही वेळ मिळतो. तुमच्या मशीनवर तसे बटण असेल तर आधी ते वापरून पाहा.

साखरपेठकर

तसे बटण नाही. फक्त चालू-बंद इतकेच आहे.

सांगोल्याचा बागायतदार

कॉफी मी क्वचित पितो, परंतु हा धागा वाचताना मला माझी डाळिंबाची बाग दिसली, म्हणून लिहितो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके आहेत की दोन हंगामांत ठिबकच्या नळ्यांची तोंडे पांढरी पडून बुजतात. सगळी तोंडे सारखी बुजत नाहीत, हीच मोठी अडचण असते. काही झाडांना धो धो पाणी मिळते आणि त्याच ओळीतली शेजारची झाडे सुकतात, पण पंपाच्या मीटरवर मात्र पाणी पूर्ण सोडलेले दिसते. ताईंच्या मशीनमध्ये वरून पाणी सोडणारी जी जाळी आहे तिचेही असेच झाले असेल असे मला वाटते. मधले भोक उघडे, कडेची बुजलेली, त्यामुळे धार मधोमध पडते आणि कड कोरडी राहते. आम्ही नळ्यांत ॲसिड सोडतो आणि तोंडे उघडतात. मशीनमधूनही एकदा पातळ केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवून पाहावे.

दुरुस्तीची खोली

बागायतदार, तुमचे निदान मला फार पटले. थर पातळ असला की खड्डा पडतो हे खरे, पण एका बाजूची पूड पूर्ण कोरडी राहण्याचे कारण तेवढ्याने स्पष्ट होत नाही. त्यासाठी शॉवरहेड तपासायलाच हवे, आणि मी ते आधी विचारायला हवे होते.

ॲसिडबद्दल मात्र हात जोडून सांगतो, हायड्रोक्लोरिक ॲसिड या मशीनमध्ये कदापि घालू नका. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात, इथली हीटरची नळी ॲल्युमिनियमची असते आणि ते ॲसिड धातूच खाऊ लागते. शिवाय या यंत्रातून पुढे पिण्याचे पेय काढायचे आहे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूफूल विरघळवून टाकीत घाला, पूड न घालता मशीन सुरू करा, अर्धे पाणी उतरले की बंद करून अर्धा तास तसेच राहू द्या आणि मग उरलेले उतरवा. त्यानंतर साध्या पाण्याचे पूर्ण दोन जग काढून टाका.

त्याआधी शॉवरहेड पाहण्याची पद्धत सांगतो. मशीन थंड असताना वायर काढा आणि झाकण उघडून वरच्या बाजूला पाहा. बऱ्याच मशीनमध्ये ही भोकांची चकती थोडी फिरवली की निघते, काहींमध्ये एक स्क्रू असतो, आणि काहींमध्ये ती निघतच नाही. निघत असेल तर कोमट पाणी आणि लिंबूफुलात तासभर भिजवा आणि प्रत्येक भोक दात कोरायच्या काडीने मोकळे करा. सुई किंवा खिळा वापरला तर भोक मोठे होते आणि पाणी पुन्हा तिथूनच जास्त पडू लागते.

खात्री करण्यासाठी नेहमीप्रमाणे पूड सपाट करून ठेवा, मशीन सुरू करा, पाणी पडू लागल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने बंद करा, धार थांबू द्या आणि मगच झाकण उघडा. झाकण उघडताना चेहरा दूर ठेवा, वाफ असते. पुडीवर ओला ठसा कसा उमटला आहे ते पाहा. मधोमध एकच डाग असेल तर शॉवरहेड अजून बुजलेले आहे. पसरट ओलावा असेल तर ते काम करत आहे.

होटगी रोड

माझ्या मूळ सूचनांचे काय झाले, ते कोणी सांगितले नाही. गेल्या वर्षी माझ्या भावाकडे हीच तक्रार होती आणि पूड बारीक केल्यावर फरक पडला होता, हे मी स्वतः चाखलेले आहे. आणि व्होल्टेज कमी असेल तर पाणी कमी तापणार, यात चूक काय आहे?

दुरुस्तीची खोली

पुडीबाबत तुमचे अर्धे बरोबर आहे. थोडी पूड आणि थोडा वेळ असताना किंचित बारीक दळण खरोखरच मदत करते, कारण पाणी हळू उतरते आणि बारीक कण लवकर कॉफी देतात. पण त्याला मर्यादा आहे. फिल्टर कॉफीच्या डब्यासाठी दळलेली, चिकोरी मिसळलेली पूड या बास्केटमध्ये घातली तर जाळी बुजते, पाणी वर साचते आणि कडेवरून सांडून ओट्यावर येते. माझ्याकडे येणाऱ्या ‘मशीन गळते’ या तक्रारींमागे बरेचदा हेच असते. आणि धार एकाच ठिकाणी पडत असेल तर बारीक पूडही कडेला कोरडीच राहते. म्हणून आधी पाणी सगळीकडे पडते का ते पाहावे, दळण त्यानंतर बदलावे.

व्होल्टेजचा तर्क सरळ वाटतो, पण या मशीनमध्ये तो तसा लागू पडत नाही. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर हीटरची शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, हे खरे आहे. परंतु नळीत वाफेचे बुडबुडे झाल्याशिवाय पाणी वर चढतच नाही. त्यामुळे शक्ती घटली की पाणी फारसे थंड न पडता हळू पडते. दोन मिनिटांचे काम तीन मिनिटांत होते. ताईंच्या बाबतीत तो विलंब उलट थोडा उपयोगीच पडला असता. स्टॅबिलायझरवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

होटगी रोड

पटले. मात्र भावाकडे फरक कशामुळे पडला, ते आता पुन्हा तपासावे लागेल. त्याने त्याच सुमारास पाणीही वाढवले होते असे अंधुक आठवते.

साखरपेठकर

मधल्या चार दिवसांत आपण सांगितल्याप्रमाणे एकेक करून पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे कशामुळे काय झाले हे कळावे.

पहिल्या दिवशी शॉवरहेड काढले. ते थोडे फिरवून निघाले. नऊ भोकांपैकी पाच पूर्ण बुजलेली होती आणि ती सगळी एकाच बाजूची होती. सासऱ्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि आमच्या बाथरूमच्या नळाच्या जाळीवर येतो तसाच पांढरा थर आहे असे म्हणाले. लिंबूफुलात तासभर भिजवल्यावर तो थर मऊ झाला आणि काडीने निघाला. मग मशीनमधूनही लिंबूफुलाचे पाणी सोडले. जगात उतरलेले पाणी गढूळ होते. साध्या पाण्याचे दोन जग काढले, तिसराही काढला, कारण दुसऱ्याला अजून किंचित आंबट वास होता.

दुसऱ्या दिवशी नेहमीचीच ३०० मिली आणि १५ ग्रॅमची कॉफी केली. अर्ध्या मिनिटाने बंद करून पाहिले तर ओला ठसा जवळजवळ कडेपर्यंत पसरला होता. शेवटी चोथाही सपाट होता, कोरडी पूड कुठेच नव्हती. कॉफीचा रंग नक्कीच गडद झाला. पण चव अजूनही कमी होती, पाणचट नव्हे, पण आंबूस आणि पोकळ. साखरेचा पाक मोजायचा थर्मामीटर घरात आहे, तो बास्केटमधल्या ओल्या पुडीत धरला, तर शेवटच्या धारेलाही ८२ अंशांच्या पुढे गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ६०० मिली पाणी आणि त्याच प्रमाणात ३० ग्रॅम पूड घातली. सुमारे चार मिनिटे लागली. थर्मामीटर अर्ध्या वाटेवरच ९० ला पोहोचला आणि ९२ पर्यंत गेला. कॉफी कार्यालयासारखी झाली. सासऱ्यांनी न विचारता दुसरा कप मागितला, इतकेच सांगते. आज ३६ ग्रॅम घातली, लिटरला ६० याप्रमाणे, आणि ती त्याहूनही चांगली वाटली.

दुरुस्तीची खोली

म्हणजे दोन वेगवेगळ्या अडचणी एकावर एक बसल्या होत्या. बुजलेल्या शॉवरहेडने चव घालवली आणि कमी पाण्याने ती आणखी खाली नेली. एकच दुरुस्त केली असती तर ‘काही उपयोग झाला नाही’ असे वाटून मशीन कोपऱ्यात गेले असते. बोअरचे पाणी वापरत असाल तर शॉवरहेड दर महिन्याला काढून पाहा. महापालिकेचे किंवा आरओचे पाणी वापरलेत तर दोन-तीन महिन्यांनी पाहिले तरी चालेल. कार्यालयात कोणते पाणी होते?

साखरपेठकर

तिथे आरओचे पाणी होते. हे मला सुरुवातीलाच सांगायला हवे होते.

पुण्यातला सोलापूरकर

मी एकटा राहतो आणि माझ्याकडेही बारा कपांचे सपाट बास्केटचे मशीन आहे. मी त्यात दोन नंबरच्या निमुळत्या कागदी फिल्टरसाठीचा लहान कोन बसवतो. तळ निमुळता असल्यामुळे १५ ग्रॅम पुडीचाही थर उंच होतो आणि पाऊण सेंटिमीटरचा प्रश्नच राहत नाही. ताईंना ६०० मिली करण्याची गरज नाही, दोघांपुरती ३०० मिली नीट होऊ शकते. निम्मी कॉफी ओतून देण्यापेक्षा हे बरे.

दुरुस्तीची खोली

कल्पना चांगली आहे, थराची उंची खरोखर वाढते. माझी शंका दोन ठिकाणी आहे. शॉवरहेडची भोके ८ सेंटिमीटरच्या बास्केटसाठी पसरलेली असतात, त्यामुळे कडेची भोके लहान कोनाच्या बाहेर पाणी टाकू शकतात. ते पाणी पुडीला न शिवता थेट जगात जाते आणि कॉफी पुन्हा पातळ होते. दुसरे म्हणजे कोनाने थर वाढतो, पण तापमान वाढत नाही. ३०० मिलीमध्ये मशीन ८२ अंशांवरच थांबत असेल तर कोन त्याला काय करणार?

पुण्यातला सोलापूरकर

बाहेर पाणी पडते का ते मी आज तपासले. कोनाच्या बाहेर बास्केटमध्ये दोन-तीन चमचे पाणी दिसले, इतकेच. माझ्या मशीनची भोके मधोमध एकत्र आहेत, ताईंची तशी नसतील तर परिणाम वेगळा येईल. तापमानासाठी मी पूड न घालता एकदा ३०० मिली साधे पाणी उतरवतो आणि लगेच कॉफी करतो. सगळे आधीच तापलेले असते. मोजलेले नाही, पण चव नक्की सुधारते.

दुरुस्तीची खोली

आधी गरम करून घेणे उपयोगी आहे, मात्र ‘लगेच’ हा शब्द मला खटकतो. पाणी संपल्यावर हीटर फार तापलेला असतो. त्याच क्षणी टाकीत थंड पाणी ओतले तर वाफ शॉवरहेडमधून उसळते आणि झाकण उघडे असेल तर हात भाजतो. असे भाजलेले एक गृहस्थ माझ्याकडे मशीन घेऊन आले होते, दोष मशीनचा नव्हता. मशीन बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि मग पाणी घालावे. तेवढ्यात नळ्या आणि बास्केट पूर्ण थंड होत नाहीत.

पितळी फिल्टर

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. आता नीट वाचला आणि माझाच एक प्रश्न निघाला. आमच्याकडे मुलीने असेच एक चार कपांचे मशीन आणले आहे. त्यातली कॉफी आम्ही दूध घालून पितो आणि ती पातळ लागते. आमचेही शॉवरहेड बुजले असेल का?

दुरुस्तीची खोली

तपासा अवश्य, पण आपली अडचण बहुधा वेगळी आहे. लिटरला ६० ग्रॅमने केलेली ड्रिप कॉफी बिनदुधाची पिण्यासाठी असते. तिच्यात निम्मे दूध घातले की ती पातळच लागणार, मशीन कितीही चांगले असले तरी. फिल्टरमधले डिकॉक्शन कितीतरी घट्ट असते, म्हणून ते दुधात टिकते. चार कपांच्या मशीनचे बास्केट लहान असते, त्यात मशीन पूर्ण भरून पूड लिटरला ८० ग्रॅमपर्यंत नेऊन पाहा आणि दूध एक चतुर्थांशच घाला. बास्केट किती पूड पेलते तेही पाहा, कारण पूड ओली झाली की फुगते आणि काठोकाठ भरलेले बास्केट सांडते. त्याहून घट्ट हवी असेल तर आपला फिल्टरच उत्तम.

पितळी फिल्टर

समजले. दुधाच्या कॉफीसाठी फिल्टर आणि जावयाच्या काळ्या कॉफीसाठी मशीन, असेच करतो.

साखरपेठकर

पुण्यातील सदस्यांचे म्हणणे मी दोन दिवस करून पाहिले. इथे नवी पेठेत कोन मिळाला नाही, म्हणून फक्त आधी गरम करून घेण्याचा प्रयोग केला. ३०० मिली साधे पाणी उतरवले, पाच मिनिटे थांबले, मग ३०० मिली आणि १८ ग्रॅम. थर्मामीटर ८८ पर्यंत गेला. पूर्वीच्या ८२ पेक्षा बरेच चांगले, चवही सुधारली, पण ६०० मिलीच्या कॉफीची बरोबरी झाली नाही. वेळ दोन मिनिटेच लागतो, त्यामुळे थोडे कमीच राहणार असे मला आता समजते.

म्हणून सध्या ६०० मिली आणि ३६ ग्रॅम हेच ठरवले आहे. चोथा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जगात सव्वापाचशेच्या आसपास मिळते. आम्ही दोघे निम्मी लगेच पितो आणि उरलेली सासरे दहा वाजता पितात. पहिले दोन दिवस ती मशीनच्या गरम तव्यावरच ठेवली होती, तेव्हा दहापर्यंत ती कडवट आणि करपल्यासारखी लागत होती. आता झाल्याबरोबर आधी गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ओतते.

एक गोष्ट मात्र मला अजून समजली नाही. ६०० मिलीच्या चोथ्यातही आता मध्ये अगदी उथळ, बशीसारखा खळगा दिसतो. कोरडी पूड कुठेच नाही. हे सामान्य आहे का?

दुरुस्तीची खोली

उथळ बशी आणि सगळीकडे सारखा रंग असेल तर मी तिकडे लक्ष देणार नाही. खळगा खोल होऊन पुन्हा जाळी दिसू लागली तर शॉवरहेड पाहा.

पुण्यातला सोलापूरकर

मला तो खळगा पूर्ण सामान्य वाटत नाही. माझ्याकडे पूड घातल्यावर बास्केट बाजूने दोनदा हलकेच थोपटून पूड सपाट केली की तो येत नाही. पुढच्या महिन्यात सोलापूरला येतो आहे, माझ्याकडचा एक जादा कोन घेऊन येतो. ताईंच्या मशीनमध्ये तो बसवून ३०० मिली करून पाहू, म्हणजे बाहेर किती पाणी जाते ते मोजता येईल.

साखरपेठकर

अवश्य या. थर्मामीटर आणि मोजमापाचे भांडे तयार ठेवते.